सूत्रात ‘सर्व’ नाही

खोली बघायला गेले त्या दिवशी मालकांनी मला एकच प्रश्न विचारला. माणसं किती, नोकरी कुठं, पाणी किती लागतं, यातलं काही नाही. मला नीट न्याहाळून म्हणाले, "बाई, आत्ता कुठली चालू हाय?"

मला वाटलं साडेसाती विचारतायत. सोलापूरच्या एप्रिलच्या उन्हात तीन जिने चढून गेलेली मी, डोकं भणभणत होतं. "काही चालू नाही, सगळं संपलंय," मी म्हटलं.

"तसं नसतंय ओ. वृत्ती विचारतोय, वृत्ती. डोक्यात आत्ता कुठली चालू हाय?"

"खोली दाखवताय की मी जाऊ?"

मालक एकदम खूश झाले. "हां, ही खरी! चिडलाय तुमी. या, आत या."

सोलापुरात रिक्षावाल्यापासून दुकानदारापर्यंत कुणालाही ‘मालक’ म्हणतात, पण हे माझे खरेच मालक होते, म्हणजे घरमालक. पूर्व भागातलं विणकराचं तेलुगू घर. खाली पुतण्याचे आठ यंत्रमाग, मधल्या मजल्यावर पुतण्याचा संसार, वर दोन खोल्या माझ्या, आणि गच्चीच्या कोपऱ्यात पत्र्याची एक खोली मालकांची. उभा जन्म त्यांनी चादरींची नक्षी काढण्यात घालवलेला. चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवून मोर काढायचे, कमळं काढायची. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं अर्धीच होती. तरुणपणी तुटता धागा धरायला चालू मागात हात घातला होता म्हणे. अंगावर बारा महिने चादर. बेचाळीस डिग्रीतसुद्धा. "काय ओ मालक, उकडत नाही का?" विचारलं तर म्हणायचे, "उकडतंय की. मग?" यावर काय बोलणार, कपाळ!

योगसूत्रांतलं एकच सूत्र त्यांनी धरलं होतं. योगश्चित्तवृत्तिनिरोधः, म्हणजे चित्ताच्या वृत्ती थांबणं तोच योग. बाकी तेलुगू-मराठीची खिचडी बोलणारा हा माणूस हे चार शब्द मात्र असे उच्चारायचा की माझ्यासारख्या भाषेच्या शिक्षिकेनं कान पकडावेत. तरुणपणी कुणी एक म्हातारे शास्त्रीबुवा त्यांना शिकवायचे. "त्याच्या आधीचं सूत्र म्हणजे नुसतं ‘आता योग सांगतो’ इतकंच. ते लगेच झालं. मग हे आलं. हे अजून चालू हाय." किती वर्षं? "चाळीसेक झाली की. घाई कशाला ओ?"

खोली मिळाली, पण एका अटीवर. संध्याकाळी पाच वाजता गच्चीवर यायचं आणि तासभर बसायचं. पाटीवर एक शब्द लिहिलेला असायचा. तो पुसला जाईपर्यंत, मग महिना लागो की चार महिने, तोच शब्द.

मी कबूल झाले, कारण मला झोप लागत नव्हती. आणि कारण, आता सांगूनच टाकते, मला माझं डोकं बंद करून हवं होतं. ह्यांना जाऊन सात महिने झाले होते. हे कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात होते, शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं घरी यायचे. त्या शनिवारी आमच्या सात रस्ता चौकाजवळच्या घराला रंग चालला होता, सगळं सामान मधोमध ओढलेलं, पाय ठेवायला जागा नाही. मी फोनवर म्हटलं, "आज नको, उद्या सकाळी या." दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांच्या शेजारच्या खोलीतल्या माणसाचा फोन आला. झोपेतच गेले म्हणाले. छातीत दुखलं असेल, हाक मारली असेल, कोण होतं तिथं ऐकायला?

हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. माझ्या लेकीला, जाईलासुद्धा नाही. ते घर सोडलं, ह्यांचा फोटो ट्रंकेत घातला, ह्यांची बॅटरी, रेडिओ, जेवणाचा डबा, सगळं देऊन टाकलं. जाईनं एकदा "बाबा असते तर" असं सुरू केलं, तेव्हा मी उठून गॅसवर दूध ठेवलं. ती मुलगी आठवीत होती. हळूहळू तीही गप्प झाली. मला बरंच वाटलं. घर शांत झालं असं वाटलं.

तर पाटीवर पहिला शब्द होता ‘योग’. मी हुशारी दाखवायला म्हटलं, "योग म्हणजे जोडणं. जिवाशिवाची गाठ."

"सगळे तेच म्हणतात," मालक म्हणाले. "चांगलं हाय ते, पण हितलं न्हवं. हितं योग म्हणजे समाधी. चित्त एका जागी नीट ठरणं. जोडायचं काय न्हाई. उलट, जे उगाच चिकटलंय ते सुटंल." एवढंच सांगितलं. पुढं महिनाभर आम्ही त्या शब्दाकडे बघत बसलो. खाली मागांची खटाखट, खटाखट, धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे. खिडक्यांतून कापसाचे बारीक तंतू वर येत, उतरत्या उन्हात तरंगत राहत, कुठं पडायचं ते त्यांचं त्यांनाच ठरवता येत नसावं. त्या तंतूंकडे बघताना मला वाटे, आपण बसलोय ते गच्चीवर नाही, कुणाच्या तरी अर्धवट स्वप्नात. डोळे जड होत.

‘चित्त’ हा शब्द मात्र त्यांनी कडक भाकरीवर शिकवला. खाली गल्लीत भाकरीवाली ओरडली. मालकांनी बोट वर केलं. "काय तरी ऐकू आलं, हे मनानं आणून दिलं. ‘भाकरीवाली हाय’ हे बुद्धीनं ठरवलं. ‘माझ्यासाठी चार घ्यायला पायजेत’ हे कोण म्हणालं?"

"मी म्हणाले."

"तो अहंकार. गर्व न्हवं, नुसतं ‘मी-माझं’. मन, बुद्धी, अहंकार, तिन्ही मिळून चित्त. आणि तुमी म्हणजे चित्त न्हवं बरं का बाई. चित्ताकडं बघणारा वेगळाच हाय. तो नुसता बघतो. त्याला भाकरी लागत न्हाई." मग जिन्याकडे तोंड करून जाईला हाक मारली, "पापा, चार भाकऱ्या घे गं, चित्ताला भूक लागली!" तेलुगूत लेकराला पापा म्हणतात. जाई कितीतरी दिवसांनी हसली. शेंगाचटणीशी त्या भाकऱ्या आम्ही तिघांनी गच्चीवरच कुडुमकुडुम खाल्ल्या.

‘वृत्ती’ला पावसाळा अख्खा गेला. वृत्ती म्हणजे चित्ताचा आकार, ते सांगायचे. पाणी ज्या वाफ्यात जाईल त्याचा आकार घेतं, तसं चित्त समोर येईल त्याचा आकार घेतं. असे आकार घेतले जातात पाच तऱ्हेनं. पाच मोजायला ते उजवा हात पुढं करत. अंगठा: प्रमाण. खरं ज्ञान. डोळ्यांनी बघितलं, धुरावरून विस्तव ओळखला, किंवा भरवशाच्या माणसानं सांगितलं. पहिलं बोट: विपर्यय. तारेवर वाळत घातलेली चादर बघून माणूस उभा आहे असं वाटणं. जवळ गेलं की ते पुसलं जातं. मधलं बोट: विकल्प. ज्याला नुसते शब्द आहेत, वस्तू नाही. मालक म्हणायचे, "सशाचं शिंग म्हटलं की डोक्यात येतंय का न्हाई? पण हाय कुटं? जवळ जाऊन बघायचं म्हटलं तर जवळ जायला जागाच न्हाई."

इथं बोटं संपायची. मग आपली अर्धी बोटं मिटून घेऊन म्हणायचे, "राहिलेल्या दोन तुमच्या हातावर मोजा." त्या दोन म्हणजे निद्रा आणि स्मृती. मी निमूटपणे माझी अनामिका आणि करंगळी मोजत असे.

"निद्रा कशी वृत्ती?" मी एकदा भांडले होते. "झोपेत तर काहीच नसतं."

"सकाळी उठून काय म्हणता? ‘झक्कास झोप लागली, काय कळलं न्हाई.’ काय कळलं न्हाई हे कळलं कुणाला? आठवतंय म्हणजे अनुभव होता. झोपेत चित्त ‘न्हाई’चा आकार घेतंय. काही न्हाई, हाच त्याचा विषय. पण आकार तो आकारच. झोपेला योग म्हणायला लागलो तर आमचा पुतण्या महायोगी की!"

आणि स्मृती? "अनुभवलेलं सुटू न देणं. बस."

"तीच थांबवायचीय मला," मी म्हटलं. पहिल्यांदाच इतकं उघड बोलले.

मालकांनी पाटीकडे बघितलं. "सूत्रात ‘सर्व’ शब्द हाय का?"

"म्हणजे?"

"‘सर्व वृत्तींचा निरोध’ असं लिवलंय का? न्हाई ना? बगा तुमीच." आणि उठून गेले. ही त्यांची खोड. कुठल्याही वादात शेवटी हेच. पुतण्याची बायको कधी म्हणाली, "सगळी भांडी मीच घासायची का?" की वरून आवाज यायचा, "सूत्रात ‘सर्व’ न्हाई ओ!" गॅसवाला सिलिंडर घेऊन आला की त्याला "कुठली चालू हाय?" आणि तो बिचारा, "चालू हाय की मालक, सील बगा!" सगळी गल्ली त्यांना हसायची. मीही.

दिवाळीनंतर मला जमायला लागलं. म्हणजे मला तसं वाटलं. पाचला बसायची, खटाखट ऐकत राहायची, तंतू बघायची, आणि मग काहीच नाही. ना शनिवार, ना रंगाचा वास, ना फोन. तासानं डोळे उघडायचे तेव्हा ऊन गेलेलं असे, अंग हलकं, डोकं पांढरं. मला तर गगन ठेंगणं झालं. शाळेत पेपर तपासतानाही मी ती पांढरी शांतता बोलावू लागले, जेवतानाही, जाई समोर बसलेली असतानाही. पाटीवर अजून ‘वृत्ती’च होतं, पण मनात मी शेवटच्या शब्दावर पोचले होते.

मार्चमध्ये जाईनं माझ्यापुढं एक अर्ज ठेवला. शाळा सोडल्याच्या दाखल्याचा. दहावीला ती वैरागला, आत्याकडे जाणार होती. आत्याशी तिनंच बोलून घेतलं होतं. पालकाची सही तेवढी बाकी.

"का?" मी विचारलं.

"असंच."

"इथं काय कमी आहे?"

तिनं माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे हुबेहूब ह्यांचे, आणि मी त्या डोळ्यांकडे न बघायला फार चांगली शिकले होते. "बघू," म्हणून मी अर्ज फ्रिजवर ठेवला. पाच वाजत आले होते.

त्या दिवशी खालचे माग बंद होते, आठवड्याची सुट्टी. तो आवाज थांबला की पूर्व भागात कान बधिर झाल्यासारखे होतात. मी बसले. आवाजच नाही म्हटल्यावर आज तर काय, पाचव्या मिनिटाला पांढरं. डोळे उघडले तेव्हा मालक समोर चादर गुंडाळून बसलेले, माझ्याकडे टक लावून.

"कसं झालं?"

"छान," मी म्हटलं. जरा मिरवतच. "काहीच नव्हतं. काही कळलं नाही."

"काय कळलं न्हाई?"

"काहीच नाही, मालक. हाच ना निरोध?"

त्यांनी आपला उजवा हात पुढं केला. तीन बोटं उघडी, दोन अर्धी. मग माझा हात धरून माझी अनामिका वर केली.

"निद्रा," ते म्हणाले. "बसल्या जागी झोप. आज न्हवं, चार महिने झाले. मी बघतोय. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात ओ, गुंगलेलं चित्त आणि थांबलेलं चित्त. मी म्हटलं, दमलीय बाई, झोपू दे. चुकलंच माझं. आज पापा वर आली होती."

"कधी?"

"आत्ता. तुमच्या पुढ्यात हितं उभी राहिली. ‘आई’ म्हणाली. मग परत म्हणाली. तिसऱ्यांदा जोरात म्हणाली. मी उठवणार, तर हातानं मला नको म्हणाली आणि खाली गेली."

ह्यांनी हाक मारली असेल, कोण होतं तिथं ऐकायला: हे वर्ष-दीड वर्ष मी स्वतःला विचारत होते. आणि माझी लेक हातभर अंतरावर उभी राहून मला हाका मारत होती.

मी रडले. त्या गच्चीवर, पुतण्याच्या बायकोची मुंडी जिन्यातून वर आलेली दिसत असताना, भोकाड पसरून रडले. आणि सगळं सांगितलं. शनिवार, रंग, आज नको. "मी त्यांना येऊ दिलं असतं तर ते वाचले असते हो मालक."

मालकांनी चादरीचा एक सुटा धागा चिमटीत धरला. मग म्हणाले, "ह्यात दोन धागे हायत, बाई. तुमी एकत्र पीळ दिलाय. तुमी ‘नको’ म्हणाला, तो आवाज, तो रंगाचा वास, ती स्मृती. घडलेलं हाय ते. पण ‘आले असते तर वाचले असते’, हे कधी घडलं? कुणी बघितलं? ह्याला वस्तूच न्हाई. नुसते शब्द." त्यांनी आपलं मधलं बोट धरलं. "विकल्प. हा तुमाला खातोय, आणि तुमी मारताय स्मृतीला."

"मग थांबवू कशी? किती दाबते मी."

त्यांनी ती अर्धी बोटं माझ्या डोळ्यांसमोर धरली. "चालता माग हात घालून थांबवायला गेलो, ही बगा. माग कसा थांबवतात? जुन्या मागाला वरच्या शाफ्टावरनं पट्टा यायचा. दांडी ओढली की पट्टा मोकळ्या चाकावर सरकायचा. शाफ्ट फिरतोय, पट्टा फिरतोय, माग गप्प. काय मोडलं न्हाई, काय दाबलं न्हाई. नुसतं जोर देणं सोडलं. ते सोडणं म्हणजे वैराग्य. आणि रोज येऊन, पुन्हा पुन्हा, जागं राहून दांडीवर हात ठेवणं, तो अभ्यास. ह्या दोन्हींनी जे होतंय तो निरोध. जागेपणी होतंय ते. झोपेत न्हाई."

"आणि आठवण?"

"आठवण दोन तऱ्हेची. एक क्लेश देती, एक देत न्हाई. आधी क्लेशवाली सोडा. शेवटी दुसरीपण शांत होती म्हणतात, पण ते शेवटी. आपण काय शेवटाला आलोय का? म्हणून तर सूत्र लिवणाऱ्यानं ‘सर्व’ लिवलं न्हाई. जावा खाली. पोरगी वाट बघती."

मी खाली गेले. दिवेलागण होत होती. जाई पिशवीत पुस्तकं भरत होती. मी तिच्याजवळ फरशीवर बसले, आणि जे तिच्यापासून इतके दिवस लपवलं ते सांगितलं, एका दमात, तिच्या डोळ्यांकडे बघत. "बाबांना त्या शनिवारी मीच येऊ नका म्हटलं, जाई."

तिच्या हातातलं पुस्तक खाली पडलं. ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मला वाटलं, झालं, आता ही कायमचीच गेली.

"मी पण," ती म्हणाली.

"काय?"

"तुझ्यानंतर बाबांनी मला फोन केला होता. म्हणाले, आई नको म्हणते, पण मी येतोच, गाडी आहे अजून. मी म्हटलं, नका येऊ. मी माझी खोली निळी करून घेत होते ना, मला ती पूर्ण झाल्यावर दाखवायची होती. म्हटलं, उद्याच या, गंमत आहे." तिनं पडलेलं पुस्तक उचललं, परत खाली ठेवलं. "मग तू बोलायचीच बंद झालीस. मला वाटलं, तुला कळलंय. तू माझ्याकडे बघतसुद्धा नव्हतीस, आई."

देवा रे! चौदा वर्षांची पोर. माझ्याच घरात, माझ्याच शेजारी, तोच दगड उरावर घेऊन झोपत होती, आणि मी शांतता कमावत होते. मी तिला पोटाशी घेतलं. किती वेळ ते माहीत नाही. मग ट्रंक उघडली, फोटो काढला, पदरानं पुसला. जाई म्हणाली, "बाबांच्या डब्याचं झाकण अजून माझ्याकडे आहे. तू डबा दिलास तेव्हा मी काढून ठेवलं होतं." ते झाकणही आणलं. त्यावर ह्यांनी खिळ्यानं स्वतःचं नाव कोरलेलं, वाकडंतिकडं. आम्ही दोघी त्या वाकड्या अक्षरांना हसलो.

दुसऱ्या दिवशी पाचला आम्ही दोघी वर गेलो. माग चालू झाले होते. मालकांनी जाईला विचारलं, "पापा, कुठली चालू हाय?"

"स्मृती," ती म्हणाली.

"त्रास देती?"

"थोडी देती. थोडी नाही."

मालकांनी पाटी घेतली, चादरीच्या कोपऱ्यानं ‘वृत्ती’ पुसलं आणि ‘निरोध’ लिहिलं. तो अर्ज फ्रिजवर पडून पडून पिवळा झाला. दहावी जाईनं सोलापुरातच केली.

मालक गेल्या वर्षी गेले. दुपारी, गच्चीवर, चादर पांघरून, टक्क जागे. मी शेजारी होते. शेवटी त्यांनी माझ्याकडे बघून भुवई उडवली, नेहमीचा प्रश्न विचारतात तशी. पाटीवर अजून ‘निरोध’ आहे. पुसायचा कुणाला अधिकार नाही, म्हणून आम्ही तो तसाच ठेवलाय.

जाई आता कॉलेजात जाते. पाचला घरी असली तर वर येते. ऊन उतरतं, तंतू तरंगत राहतात, खाली खटाखट चालू असते. मी जागी राहायचा प्रयत्न करते. कधी मनात येतं, मालक असते तर आज त्यांनी विचारलं असतं, कुठली चालू हाय? मग माझी मलाच गंमत वाटते. ‘असते तर’ हा विकल्प. तो मी सोडते. पण ते विचारायचे, चादर सावरत, भुवई उडवत विचारायचे, ही स्मृती. शेजारी जाई बसलेली असते, मांडीवर तिच्या बाबांच्या डब्याचं झाकण, त्यात शेंगदाणे. ही स्मृती मी थांबवत नाही. सूत्रात ‘सर्व’ नाही.